पन्नासच्या पुढे घूंघूं, शहरात गप्प: आवाज नक्की कुठला?

रंकाळाफेरी
गाडी पेट्रोल हॅचबॅक, हाताचे गिअर, ७८ हजार किलोमीटर झालेत. पंधरा दिवसांपासून पुढून कुठूनतरी घूंघूं असा आवाज येतोय. पन्हाळ्याला जाताना केर्लीच्या आसपास गाडीने वेग घेतला की सुरू होतो. शहरात अजिबात नाही. दाखवली तर "टायरचा आवाज आहे, चारही बदलून टाका" असं सांगितलं. टायर दोन वर्षांचे आहेत आणि नक्षी बऱ्यापैकी शिल्लक आहे. एवढे पैसे घालायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं.

पाना_बारा_तेरा
ताई, टायर घेऊ नका एवढ्यात. टायर असेलही, पण न बघता चार टायर म्हणजे अंदाजपंचे झालं.

आधी एवढंच सांगा. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनाबरोबर? मोकळ्या रस्त्यावर ६० ला पाचव्या गिअरमध्ये चाला, आवाज कानात बसू द्या, मग वेग तोच ठेवून चौथ्यात या. इंजिन जास्त फिरायला लागेल, चाकं मात्र तेवढीच फिरतील. आवाजाचा सूर चढला तर इंजिनाच्या बाजूचं काहीतरी. तसाच राहिला तर चाकांपासून गिअरबॉक्सच्या शेवटच्या टोकापर्यंत कुठेतरी.

काहीजण चालत्या गाडीत चावी बंद करून ऐकायला सांगतात. ते करू नका. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांत संपतो.

शहरात येत नाही याचं कारण बहुधा साधं आहे, शहरात आपण चाळीसच्या वर जातोच कुठे.

तांबडापांढरा
माझ्यापण गाडीला आवाज आहे भावा. बिंदू चौकात पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण मारलं की कट-कट-कट. सरळ केलं की बंद. हेच असणार बघा ताई.

पाना_बारा_तेरा
@तांबडापांढरा, तुमचं दुखणं वेगळं. पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघा, रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. त्याचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथं दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतील.

गडहिंग्लजकर
एवढं काय त्यात. चाकाचं बेअरिंग गेलंय. उजवीकडे वळताना वाढतो का बघा. वाढला तर उजवं, डावीकडे वाढला तर डावं. बदला आणि मोकळे व्हा.

पाना_बारा_तेरा
काका, बेअरिंगचा संशय मलाही आहे. पण बाजू उलटी सांगितलीत. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकावर जातं. एसटीत बसलेला माणूस वळणावर बाहेरच्या बाजूला कलंडतो, तसंच. दाबाखाली आलेलं खराब बेअरिंग ओरडतं. म्हणजे उजव्या वळणात आवाज वाढला तर संशय डाव्यावर.

गडहिंग्लजकर
आमच्या गाडीचं उजव्या वळणात वाढायचं, उजवंच बदललं आणि आवाज गेला. आता बोला.

पाना_बारा_तेरा
असंही होतं, काका. आत गोळ्यांच्या दोन ओळी असतात. नेमकी कुठली ओळ खराब झाली त्यावर कधी कधी वळणाची खूण फिरते. म्हणूनच मी नुसत्या वळणावर भरवसा ठेवून पार्ट मागवत नाही. ती पहिली खूण, शेवटची नाही.

रंकाळाफेरी
दादा, आज सकाळी बघून आले. पाचव्यातून चौथ्यात आले तरी आवाज तसाच, अगदी काही फरक नाही. साधारण ४५ ला ऐकू यायला लागतो, ६० ला गाणी लावलेली असली तरी कळतो. पण एक गोंधळ आहे. नवीन डांबरावर थोडा कमी वाटतो आणि खरबरीत रस्त्यावर जास्त. म्हणजे टायरच ना शेवटी?

पाना_बारा_तेरा
चांगलं निरीक्षण केलंत. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. पण तुम्ही "थोडा कमी" म्हणताय, "गेला" म्हणत नाही. म्हणून विचारतो, गुळगुळीत रस्त्यावर जे उरतं ते नुसतं हळू झालेलं असतं की त्याचा सूरच वेगळा असतो?

आता वळणाची परीक्षा. हायवेवर गाडी नागमोडी हलवून बघायला सांगणारे बरेच भेटतील. आपल्या हायवेवर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रकांच्या मधे तो उद्योग नको. पन्हाळा रस्त्यावर घाट लागायच्या आधीचं, सपाटीवरचं एखादं लांबट वळण निवडा. जाताना ते उजवं असेल तर येताना तेच डावं होतं. रस्ता तोच, वळण तेच. दोन्ही वेळा ५० चा वेग धरा, काच बंद, पंखा बंद. घाटात बघू नका. चढाला इंजिनावर जोर येतो, उताराला आपण ब्रेकवर असतो, त्यात कान फसतो. शेजारी कोणीतरी बसवा, कारण आपण उजवीकडे बसतो आणि डावीकडचं आपल्याला नीट कळत नाही.

तर्कटी
गिअरबॉक्सच्या आतलं डिफरन्शियलचं बेअरिंगसुद्धा गाडीच्या वेगाबरोबरच आवाज करतं. गिअर बदलून तोही बदलणार नाही. मग चाक आणि गिअरबॉक्स वेगळे कसे करणार?

पाना_बारा_तेरा
बरोबर. गिअर बदलण्याच्या परीक्षेत तो सुटतो. त्याला जॅकवर पकडू. आधी ताईंचं वळण होऊ दे.

रंकाळाफेरी
भाऊ शेजारी बसला होता. उजव्या वळणात आवाज स्पष्ट वाढला. परत येताना त्याच वळणावर, म्हणजे डावीकडे वळताना, जवळपास गप्प झाला. पण त्या वेळी खालून दुसरंच काहीतरी ऐकू आलं, वॉव-वॉव-वॉव असं, ठेक्यात. ते दोन्हीकडे तेवढंच होतं. ७० च्या पुढे ते जास्त कळतं. आणि सूर वेगळा आहे का विचारलंत, तर हो. गुळगुळीत रस्त्यावर वॉव-वॉव कमी होतं, घूंघूं तसंच राहतं.

पाना_बारा_तेरा
हां, आता जमलं. ताई, तुमच्या गाडीत एक नाही, दोन आवाज आहेत. म्हणून तुम्हालाही उत्तर सापडत नव्हतं आणि टायर सांगणाऱ्यालाही. एक वळणाला बदलतो, रस्त्याला नाही. दुसरा रस्त्याला बदलतो, वळणाला नाही. टायर म्हणणारा निम्मा बरोबर होता. चार टायर घातले असते तर वॉव-वॉव गेलं असतं, घूंघूं राहिलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता नवीन टायर पण खराब.

दुसऱ्यापासून सुरुवात करा, फुकट आहे. गाडी उभी करून चारही टायरच्या नक्षीवर तळहात आधी पुढच्या दिशेने, मग मागच्या दिशेने फिरवा. एका दिशेने मऊ आणि उलट फिरवताना करवतीसारखं बोचत असेल तर टायर तिरका खाल्लाय. आतली कड विसरू नका. बाहेरून टायर नवरीसारखा दिसतो आणि आतल्या कडेला पायऱ्या पडलेल्या असतात. तार बाहेर आली असेल तर हात कापेल, म्हणून आधी टॉर्चने बघा.

रंकाळाफेरी
पुढचे दोन्ही सारखे. मागचा उजवा ठीक. मागच्या डाव्याला आतल्या कडेला चढ-उतार आहेत, वीतभर अंतरावर एकेक खळगा. बाहेरून खरंच काही दिसत नव्हतं.

गडहिंग्लजकर
अलाइनमेंट करून घ्या, जाईल.

पाना_बारा_तेरा
काका, अलाइनमेंटने पुढची झीज थांबेल, पडलेले खळगे भरणार नाहीत. शिवाय या आकाराच्या बहुतेक गाड्यांत मागे सरळ बीम असतो, तिथं फिरवायला बोल्टच नसतो. मशीनवर मागचा आकडा दिसतो, बदलता येत नाही. असे खळगे पडले की मी आधी हवा आणि शॉकअप बघतो. चाक रस्त्यावर टेकून न राहता टपटप उड्या मारत चालतं, म्हणून ठरावीक अंतरावर खळगे.

ताई, डावीकडचे पुढचा आणि मागचा टायर आपसात बदला. बाजू बदलू नका, फक्त पुढे-मागे. हवा चारही ठिकाणी दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे करा आणि तोच रस्ता परत चाला. जो आवाज टायरबरोबर जागा बदलेल तो टायरचा. ही चाचणी झाली की टायर परत मागे घाला, खळग्यांचा टायर पुढे ठेवून फिरू नका.

रंकाळाफेरी
बदलले. वॉव-वॉव आता पुढून येतंय आणि स्टिअरिंगला हलकी थरथरही लागते. घूंघूं जागचं हललं नाही, उजव्या वळणात तसंच वाढतं.

पाना_बारा_तेरा
मग टायरचा निकाल लागला. आता जॅक. हे सपाट फरशीवर करा, उताराच्या गल्लीत नको. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून बघा, म्हणजे नंतर लागलेच तर जॅकवर झटापट नको. पुढचं डावं चाक उचलून खाली घोडी लावा, म्हणजे गाडीचं वजन पेलणारा लोखंडी स्टँड. घोडी नसेल तर हात आत घालायचा भाग गॅरेजमध्येच करा. नुसत्या स्टेपनीच्या जॅकवर नाही.

गाडी न्यूट्रलला. चाक वरून आणि खालून, घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा. सैल लागलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर सैलपणा गेला तर तो बेअरिंगचा. राहिला तर खालचा बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचं काही.

मग खरी गोष्ट. एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर हलकी टेकवून ठेवा, वेटोळ्यांच्या मधे घालू नका. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग मढ्यासारखी गप्प असते. खराब असेल तर बोटांना बारीक गुरगुर लागते, जात्यात चार दाणे राहिल्यासारखी. ब्रेक पॅड हलकं घासल्याचा आवाज येईल, त्याच्याकडे दुर्लक्ष करा, बोटांना काय लागतं ते बघा. मग उजवं चाक उचलून हेच. एका चाकाने काही कळत नाही, दोघांतला फरक कळतो.

@तर्कटी, तुमचं उत्तर यातच आहे. डिफरन्शियलचं असतं तर गुरगुर एकाच स्प्रिंगला एवढी वेगळी लागणार नाही. तरी शंका राहिली तर गॅरेजमध्ये लिफ्टवर, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नकलवर, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी भागावर, आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकायचं, मग गिअरबॉक्सवर. घरी मात्र एक चाक उचलून गाडी गिअरमध्ये टाकू नका. दुसरं पुढचं चाक जमिनीवर अडलेलं असतं, त्यामुळे उचललेलं चाक काट्यावर दिसतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. काटा ४० दाखवत असेल तेव्हा ते चाक ८० च्या वेगाचं असतं. जॅक सटकला तर गाडी थेट भिंतीत.

रंकाळाफेरी
भावाच्या ओळखीच्या गॅरेजवर घोडी होती, तिथे केलं. डावं चाक अजिबात सैल नाही. पण स्प्रिंगला गुरगुर स्पष्ट लागते. उजवं गप्प. सैल नाही म्हणजे बेअरिंग अजून चांगलं आहे असं तिथला पोरगा म्हणाला.

पाना_बारा_तेरा
सैलपणा शेवटी येतो, आवाज आधी. आतल्या रिंगवर बारीक खड्डे पडले की आवाज सुरू. खड्डे वाढून गोळ्यांना जागा मोकळी झाली की मग चाक हलायला लागतं. सैल होईपर्यंत थांबणारा गडी उशीर करतोय.

पुढचं डावं बेअरिंग. माझ्याकडून ठरलं.

रंकाळाफेरी
रविवारी लेकीला पुण्याला सोडायचंय. जाऊन येऊ का, मग बदलते?

पाना_बारा_तेरा
सैल नाही म्हणजे लगेच चाक निघून पडणार असं नाही. पण जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या पुढे जातं, तेही हायवेच्या वेगाने. गावात दोन-चार दिवस चालवायला मी हरकत घेतली नसती, पुण्याला मात्र आधी बदलून जा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

शियेफाटा
नुसतं ७८ हजारांत जातं का बेअरिंग? ताई, पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातली होती का?

रंकाळाफेरी
जुलैत केर्लीजवळ रस्त्यावर पाणी होतं, निम्मं चाक बुडेल एवढं. पाच मिनिटं गेलो असू.

पाना_बारा_तेरा
मग बहुतेक तेच. लांबून आलेल्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगमधला भाग, तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढुरकं होतं, गाडी उभी राहते तिथं गंज धरतो, आणि आवाज महिन्यांनी येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गाड्या बुडाल्या तेव्हा सगळे इंजिन आणि वायरिंगच्या मागे होते, हबकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तर्कटी
चारही चाकं पाण्यात होती. मग एकच का गेलं?

पाना_बारा_तेरा
ते छातीठोक सांगता येणार नाही. डावी चाकं रस्त्याच्या कडेचे खड्डे जास्त खातात, त्यातलं सील आधीच दमलेलं असेल. किंवा बाकीची तीन पुढच्या वर्षी बोलतील.

गडहिंग्लजकर
मग दोन्ही पुढची एकदम बदला. जोडीने बदलायचं असतं.

पाना_बारा_तेरा
शॉकअप आणि ब्रेक पॅड जोडीने. बेअरिंगला ती सक्ती नाही. उजवं गप्प आहे, त्याला का छेडायचं? प्रेसवर निघालेलं चांगलं बेअरिंग परत बसवता येत नाही.

ताई, बदलताना उभं राहून तीन गोष्टी बघा. या गाडीत बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं आहे. नकल काढून प्रेसवर न्यायला सांगा, गाडीवर हातोड्याने ठोकून नाही. नकलमध्ये दाबताना जोर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरच यायला हवा. मापाचा पाइप नाही म्हणून आतल्या रिंगवर दाबलं तर सगळा जोर गोळ्यांतून जातो, रिंगवर त्यांचे ठसे उमटतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घूंघूं करतं. मग "पार्ट डुप्लिकेट होता" अशी ओरड. पुढे हब दाबताना उलटं, आतल्या रिंगला मागून आधार द्यायचा, तेच कारण.

दुसरं, तुमच्या गाडीला एबीएस आहे आणि बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकाची पट्टी असेल तर ती बाजू सेन्सरकडे जायला हवी. डोळ्याला दोन्ही सील सारखेच दिसतात. टाचणी लावून बघायची, चिकटते ती चुंबकाची बाजू. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं परत खोलावं लागतं, तेही नवीन बेअरिंग घालून.

तिसरं, शाफ्टचा मोठा नट नवा घ्या. गनने घट्ट करू देऊ नका, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्ह्याने, आणि चाक जमिनीवर टेकायच्या आधी, ब्रेक दाबून धरून. सैल नटावर गाडीचं वजन आलं तरी बेअरिंग दुखावतं. शेवटी नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकायची.

शॉकअपचे नकलवरचे दोन बोल्ट काढायच्या आधी खूण करून घ्या, नाहीतर चाक वर-खाली तिरकं बसेल. तरी नंतर अलाइनमेंट बघून घ्यायचीच.

रंकाळाफेरी
झालं काम. आतली रिंग हबवरच अडकून राहिली होती, ती ग्राइंडरने चिरून काढली. हबला ओरखडा नाही ना ते मी तुमच्या भीतीने टॉर्च लावून बघितलं. जुन्या बेअरिंगमधलं ग्रीस दूध घातलेल्या चहासारखं होतं आणि बाहेरच्या रिंगवर एका बाजूला नखाला लागतील असे खड्डे. टाचणी लावून बाजू बघितली, मिस्त्री हसले पण बघू दिलं. एबीएसचा दिवा नाही. घूंघूं पूर्ण गेलं, उजव्या वळणातही नाही.

वॉव-वॉव आहे अजून. खळग्यांचा टायर परत मागे टाकलाय. मागच्या डाव्या शॉकअपच्या नळीवर धूळ चिकटून काळी ओल दिसते. गेला का तो?

तांबडापांढरा
बूट फाटलाच होता राव माझा. वेगळा धागा काढतो.

पाना_बारा_तेरा
ताई, पातळ ओल आणि ओघळ यात फरक आहे. वरच्या सीलजवळ थोडा ओलसरपणा असतोच. नळी फडक्याने कोरडी पुसा, शंभरेक किलोमीटर चालवा, मग दिवसाउजेडी फोटो टाका, दोन्ही मागच्या शॉकअपचे. ओघळ खालपर्यंत आला असेल तर बघू. पुण्याहून आल्यावर टाकलात तरी चालेल.